सरासरीतली रील

जळगावात केळीचे वेफर्स ऑनलाइन विकणाऱ्या भूषणभाऊंची अक्कल एका रीलने पार गहाण पडली. रोज चाळीसेक पाकिटं खपायची. रील गाजली त्या दिवशी तीन हजार गेली. महिन्याची सरासरी एकशे चाळीसच्या घरात पोचली.

"भाऊ, तो दिवस वेगळा दाखवू. कच्च्या केळीची खरेदी मात्र तो वगळूनच धरा," विक्रीचे रिपोर्ट बनवणारी दीपमाला म्हणाली.

"लक्ष्मीला वगळतेस?" भाऊ गुरकावले, आणि रोज एकशे चाळीस पाकिटांची केळी उतरवू लागले.

खप चाळीसवरच राहिला. गोदामातली केळी पिवळी पडली. पिकल्या केळीचे वेफर्स होत नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

पुढच्या महिन्याच्या अखेरीस तोटा पाहून भाऊ मोठ्या गांभीर्याने म्हणाले, "हा महिना अपवाद आहे. सरासरीतून वगळ."