तीन जागांचं इंडेंटेशन

माणूस ओळखावा चालीवरून आणि कोड ओळखावा कंसांवरून; कंस कधी खोटं बोलत नाहीत. हे वचन वेणीमाधव आराध्ये यांचं. होटगी रस्त्यावरच्या ऑफिसात ते कागदावर छापून भिंतीला चिकटवलेलंही होतं. त्या महिन्याच्या तपासणीत त्यांची पन्नासपैकी सहा उत्तरं चुकली.

ऑफिस एका चादरींच्या दुकानाच्या वर होतं. काम असं, की पडद्यावर एकेक स्क्रीनशॉट यायचा, त्यात कुणाचा तरी कोड, आणि तो कोणत्या भाषेत लिहिलाय ते यादीतून निवडायचं. फाईलचं नाव, खिडकीची चौकट वगैरे आधीच कापून टाकलेलं असे. उरायचे ते शब्द, कंस आणि ओळीच्या डावीकडची मोकळी जागा. या उत्तरांवरून एका यंत्राला शिकवायचं होतं आणि ते शिकलं की या ऑफिसचं काय होणार, हे विचारायचं नाही असा तिथला अलिखित शिष्टाचार होता.

वेणीमाधव शेहेचाळीस वर्षांचे. या कामाआधी अठरा वर्षं शुक्रवार पेठेत त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. तो बंद पडला, कारण मुलं फोनवर शिकायला लागली. इथे मात्र त्यांचा दबदबा होता. नव्यांसाठी त्यांनी भिंतीवर तक्ता लावला होता: कंस नाहीत, ओळीच्या शेवटी अपूर्णविरामासारखी दोन टिंबं आणि खाली चार जागा सोडून मजकूर, तर पायथन. महिरपी कंस ओळीच्या शेवटीच उघडला, तर जावा. नव्या ओळीवर एकटा उघडला, तर सी शार्प. हा शेवटचा नियम पुस्तकी रीत होती. वेणीमाधव स्वतः जन्मभर कंस नव्या ओळीवर उघडत आले होते, अगदी जावातसुद्धा. पण तक्ता जगासाठी होता.

तपासणीचा नियम साधा होता. एकच स्क्रीनशॉट तिघांकडे जायचा, दोघांचं जुळलं की ते बरोबर. पन्नासपैकी पंचेचाळीस बरोबर असले तर पुढच्या महिन्यात काम, नाहीतर निरोप. टीमप्रमुख सृष्टी चोवीस वर्षांची होती आणि निरोप फार गोड आवाजात देत असे. तिने वेणीमाधवांना बोलावून यादी दाखवली. दोन ठिकाणी दोन टिंबांना बरोबरचं चिन्ह चिकटलेलं पाहून त्यांनी पास्कल निवडलं होतं. शेजारी चक्क ‘फंक’ होतं, महिरपी कंस होते, म्हणजे भाषा ‘गो’ नावाची होती. पण पास्कल ही त्यांची पहिली भाषा, आणि पहिलीची चाहूल लागली की माणूस बाकीचं बघत नाही. आणखी तीन चुकांवरही त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

सहाव्यावर मात्र होतं. त्यांनी जावा निवडलं होतं, बाकी दोघांनी सी शार्प. त्या दोघांपैकी एक होता मायाप्पा. कुंभारी गावचा, रोज सिटीबसने येणारा, आणि सगळ्या ऑफिसात वेणीमाधवांना मनापासून ‘सर’ म्हणणारा एकटाच. सर आपल्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले तेव्हा तो बिचारा गोंधळला.

“सर, कंस नव्या ओळीवर हाय की. तुमच्याच तक्त्यात तसं हाय.”

वेणीमाधवांनी त्याला समजावलं. कंस ही सवय असते, शब्द हा कायदा. इथे ‘बूलियन’ पूर्ण लिहिलंय, सी शार्पमध्ये ते ‘बूल’ असतं. इथे एक वर्ग दुसऱ्यावरून घेताना ‘एक्स्टेंड्स’ म्हटलंय, सी शार्पमध्ये नुसती दोन टिंबं टाकतात. वर ‘फायनल’ही आहे. हे जावाच.

मायाप्पाने मान हलवली. “मग तक्त्यात हे का न्हाय, सर?”

तक्त्यात जागा उरली नव्हती, एवढंच ते म्हणाले.

पण जावा हे त्यांच्या दृष्टीने त्या स्क्रीनशॉटमधलं निम्मंच होतं. उरलेलं निम्मं ते कुणाला सांगत नव्हते. इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधी सोडलेली जागा, तीन जागांचं होतं. जगात दोनचं असतं, चारचं असतं. तीनचं त्यांनी एकाच ठिकाणी पाहिलं होतं, शुक्रवार पेठेत. चार जागा सोडल्या की आतल्या अटी जर्नलच्या समासाबाहेर जायच्या, म्हणून त्यांनीच तीन शिकवल्या होत्या. आणि प्रत्येक मिटलेल्या कंसाशेजारी टिपणी होती: इथे ‘इफ’ संपला, इथे ‘फॉर’ संपला. हेसुद्धा त्यांचंच. कंस मिटला की काय मिटलं ते लिहायचं, असं ते फळ्यावर हात आपटून सांगत.

हा राजसच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. राजस त्यांचा सर्वात हुशार विद्यार्थी, पुण्याला गेलेला. तीन दिवाळ्यांच्या शुभेच्छांना त्याचं उत्तर नव्हतं. पण कंसाशेजारी अजून लिहीत होता म्हणजे विसरला नव्हता.

सृष्टीने काम देणाऱ्या कंपनीकडे अपील लिहायला सांगितलं. कारणांत त्यांनी बूलियन, एक्स्टेंड्स आणि फायनल मांडलं, मग खाली एक ओळ जोडली: ‘हा कोड लिहिणाऱ्याला मी शिकवलेलं आहे.’

“सर, ही ओळ काढूया का?” सृष्टी म्हणाली. “ते लोक भाषा विचारतायत.”

“राहू दे,” वेणीमाधव म्हणाले.

चार दिवसांनी उत्तर आलं. सृष्टीने ते तिघांसमोर वाचून दाखवलं. अपील मान्य. भाषा जावाच. वेणीमाधवांचे पंचेचाळीस झाले, काम राहिलं. पुढच्या परिच्छेदात शेवटच्या ओळीचीही दखल होती, आदराने. सदर स्क्रीनशॉट मुद्दाम पेरलेल्या प्रश्नांपैकी आहे; त्याची मूळ भाषा अपील आल्यावरच पडताळली जाते. लोक केवळ मांडणीवरून भाषा ठरवतात असं आढळल्याने मूळ कोडची मांडणी प्रोग्रामने बदलली जाते: कंसांची जागा, इंडेंटेशनची रुंदी आणि कंसाशेजारच्या टिपण्या यादृच्छिक असतात. अशी मांडणी करणारी कुणी व्यक्ती नाही.

वेणीमाधव खिडकीबाहेर बघत राहिले. खाली दुकानात कुणीतरी चादर झटकत होतं.

कागद अजून संपला नव्हता. उत्तर बदलल्यामुळे सी शार्प निवडणाऱ्या दोघांचा एकेक गुण कमी होतो, असं सृष्टीने वाचलं, आणि तिचा आवाज गोड झाला. दुसऱ्या माणसाचे अठ्ठेचाळीस होते, त्याला फरक पडला नाही. मायाप्पाचे नेमके पंचेचाळीस होते.

मायाप्पा चिडला नाही. त्याने पाण्याची बाटली आणि हेडफोन पिशवीत घातले, खुर्ची आत सरकवली.

“तक्त्यात ते बूलियनचं लिवा, सर,” तो जाता जाता म्हणाला. “नव्या पोरांना लई उपयोग हुईल.”

लिहितो, असं वेणीमाधव म्हणाले. पेन काढून ते भिंतीपाशी गेलेही, पण खरंच जागा नव्हती. त्यांनी वरचं कंसांबद्दलचं वचन तेवढं काढलं. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा निघाला.

ते जागेवर येऊन बसले. पडद्यावर पुढचा स्क्रीनशॉट आला होता. त्यात महिरपी कंस नव्हते, ओळीच्या शेवटी दोन टिंबं होती आणि खाली चार जागा सोडल्या होत्या. ते पायथन होतं.