मधोमध नसलेली खिडकी

बारक्याला जाऊन नऊ दिवस झाले होते आणि नऊ दिवसांत आई ताईशी एक अक्षर बोलली नव्हती. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि तोंड फिरवायची. रडून ओरडून शिव्या दिल्या असत्या तरी ताईला बरं वाटलं असतं. पण नाही. नुसतं ताट.

त्याला कारणही होतं. फोरमन भेटायला आला तेव्हा त्यानं दारातच हात जोडून सांगितलं, “काय बोलू आई, गणित चुकलं.” कुणाचं, ते सांगितलं नाही. सांगायची गरजच काय? त्या कारखान्यात गणित करणारं माणूस एकच, आणि ती म्हणजे बारक्याची थोरली बहीण.

बारक्या म्हणजे नावालाच बारक्या. सहा फूट उंच, दारातून येताना डोकं वाकवणारा, पण ताईपेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणून जन्मभर बारक्या. तो खालच्या शेडमध्ये गॅस कटरनं पोलादाच्या प्लेटा कापायचा, त्यांना उचलायची कडी वेल्ड करायचा. ताई वर ड्रॉइंग ऑफिसमध्ये. क्रेननं उचलायच्या प्रत्येक प्लेटचा सीजी, म्हणजे वजनाचा मध्य, ती काढून द्यायची. कडी त्या मध्याच्या रेषेवर बसली तर प्लेट सपाट उचलली जाते. रेषा चुकली की जड बाजू खाली येते. साधी गोष्ट आहे, पण सव्वा टनाच्या पोलादाला साधेपणा कळत नाही.

तिनं काढून दिलेला बिंदू प्लेटवर मांडला की त्याभोवती तांबडं वर्तुळ काढायचं, ही शेडची पद्धत. इतरांनी अंदाजानं केलेल्या खुणा असल्या की क्रेनवाला आधी प्लेट चार बोटं उचलून बघायचा, मग पुढे. तांबडं वर्तुळ दिसलं की थेट वर. अकरा वर्षांत ते वर्तुळ एकदाही चुकलं नव्हतं. कौतुक म्हणून सुरू झालेली ढिलाई होती ती, दुसरं काही नाही. तेव्हा मात्र ताईला त्या ढिलाईचा अभिमान वाटायचा.

दहाव्या दिवशी अकरा वाजता तपासणी अधिकारी येणार होता. ताई आठलाच शेडमध्ये गेली.

तिच्याकडे एक गोष्ट होती जी तिनं कुणालाही सांगितली नव्हती. प्लेट उचलायच्या दिवशी सकाळी बारक्याचा फोन आला होता. मोठी क्रेन दुरुस्तीला गेली होती आणि बदली क्रेन दीड टनाचीच. अख्खी प्लेट दीड टनाच्या थोडी वरच जात होती. म्हणून आदल्या संध्याकाळीच फोरमननं ठरवलं होतं की प्लेट जागेवर नेल्यावर जी खिडकी, म्हणजे प्लेटमधलं चौकोनी भोक, पाडायची ती आधीच कापायची, वजन कमी होईल.

“ताई, खिडकी गेली की सीजी हलणार ना? नवा काढून दे की पटकन.”

सुपरवायझरच्या परीक्षेत बारक्या दोनदा आपटला होता आणि तिसरी परीक्षा तोंडावर आली होती. ताईचं डोकं फिरलं.

“किती दिवस माझं बोट धरून चालणार रे? परीक्षेला मी येणार आहे का तुझ्याबरोबर? इतके रविवार शिकवलं ते काय पाण्यात गेलं? कर तुझं तू.” आणि तिनं फोन ठेवला.

हे शेवटचं बोलणं. दोन तासांनी खालून आरडाओरडा ऐकू आला. प्लेट उचलली तशी तिची डावी कड झपकन खाली आली होती आणि बारक्या डावीकडेच उभा होता.

नऊ दिवस ताई एकच विचार चघळत होती. गाढवानं नवं गणित केलंच नसणार. तिच्या जुन्या खुणेवरच कडी ठोकली असणार. म्हणजे चूक त्याच्या आळसाची आणि तिच्या रागाची, अर्धी अर्धी. तेवढं तरी नक्की कळावं म्हणून ती टेप घेऊन आली होती.

प्लेट शेडच्या टोकाला लाकडी ओंडक्यांवर आडवी पडली होती. आकार सोपा. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद असा मोठा आयत, आणि त्याच्या वर, डावीकडच्या टोकाला धरून, दोन मीटर लांब आणि एक मीटर उंच असा छोटा आयत. सगळी जाडी सारखी, म्हणून वजनाऐवजी क्षेत्रफळ धरलं तरी चालतं. ताईचा मूळ कागद तिला पाठ होता. मोठ्याचं क्षेत्रफळ आठ, त्याचा मध्य डाव्या कडेपासून दोन मीटरवर, आठ दुणे सोळा. छोट्याचं दोन, मध्य एक मीटरवर, दोन एके दोन. सोळा नि दोन अठरा, भागिले एकूण दहा. एक मीटर ऐंशी.

तिनं डाव्या कडेपासून तांबड्या वर्तुळापर्यंत टेप लावला. एक मीटर पंच्याहत्तर.

ती तिथंच खाली बसली. पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. जवळून बघितल्यावर पाच सेंटीमीटर उजवीकडे तिचं जुनं वर्तुळ दिसलं, थिनरनं पुसून काढलेलं. म्हणजे बारक्यानं गणित केलं होतं. ऐकलं होतं तिचं मेल्यानं.

“अगं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली, “केलंस होय रे तू?”

मग ती कापलेल्या खिडकीचा तुकडा शोधू लागली, कारण बारक्या वही कधी वापरायचा नाही. सगळे हिशेब पोलादावर, खडूनं. भंगाराच्या ढिगाला टेकवून ठेवलेला तो तुकडा सापडला. क्रेनवाल्याला हाक मारून तिनं तो फिरवून घेतला. मागच्या बाजूला त्याचे गलेलठ्ठ आकडे होते, सात उलटा काढायची खोड तशीच.

मोठा आयत आठ. खिडकी दोन. आठातून दोन गेले, राहिले सहा. सहा दुणे बारा. छोटा आयत दोन एके दोन. बारा नि दोन चौदा. भागिले आठ. १.७५.

खाली लिहिलं होतं, ‘ताईपेक्षा पाच सेंटीमीटर डावीकडे. आलं!’ आणि ‘आलं’च्या खाली दोन रेघा.

ताईला चूक एका नजरेत दिसली. शिक्षकाला दिसते तशी. खिडकीचं वजन त्यानं बरोबर वजा केलं होतं, पण उरलेल्या सहाचा मध्य तसाच दोन मीटरवर ठेवला होता. खिडकी आयताच्या मधोमध असती तर तेच बरोबर. पण ही खिडकी उजव्या अंगाला होती, तिचा मध्य तीन मीटरवर. सोळातून दोन त्रिक सहा वजा करायला हवे होते. दहा. दहा नि दोन बारा, बारा भागिले आठ, दीड मीटर. खरा मध्य त्याच्या खुणेच्या पंचवीस सेंटीमीटर डावीकडे. म्हणून डावी कड खाली आली.

“हे कुठून शिकलास रे?” ती पुटपुटली. कुठून, ते तिला माहीत होतं.

स्वयंपाकघरातलं टेबल. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. ताई पुठ्ठ्यावर कप उपडा ठेवायची, बरोबर मधोमध, पेन्सिल फिरवायची आणि भोक कापायची. “बघ बारक्या, भोक पाडलं की वजन कमी होतं. मध्य तिथंच राहतो.” मग टाचणीवर टांगून दाखवायची. बारक्या टाळ्या पिटायचा, मुद्दाम, तिला चिडवायला. रविवारमागून रविवार. आणि तिनं प्रत्येक भोक मधोमधच पाडलं होतं. तसं सोपं जातं, आकडे नीट येतात, पोरगं घाबरत नाही. भोक बाजूला असेल तर काय, ते पुढच्या रविवारी घेऊ, असं म्हणत राहिली होती.

क्रेनवाला मागे उभा होता. त्याचे डोळे नऊ दिवस सुजलेलेच. “ताई, तांबडं बघितलं आणि उचललं मी. तुमचंच वाटलं. चार बोटं उचलून थांबलो असतो तर...”

“त्याचंही वर्तुळ माझ्यासारखंच होतं,” ताई म्हणाली. “तुमचा काय दोष?”

अकराला अधिकारी आला. सभ्य माणूस. त्यानं ताईचा कागद पाहिला, प्लेट मोजली आणि चष्मा काढला. “बाई, तुमचा हिशेब अख्ख्या प्लेटचा आहे आणि तो अचूक आहे. खिडकी कापल्यावर खूण हलवली ती मयतानं, परस्पर. तसंच लिहितो. तुमच्याकडे काही येत नाही.”

फोरमननं सुटकेचा निःश्वास टाकला. ताईला हो म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी घरी जाऊन आईला सांगता आलं असतं की बघ, माझं बरोबर होतं.

“परस्पर नाही,” ती म्हणाली. “त्यानं मला फोन केला होता. मी झिडकारलं. आणि त्यानं जे केलं ते मीच शिकवलेलं, अर्धवट. हे लिहा.” तिनं खडू उचलला आणि अधिकाऱ्याला तुकड्यावरची खडूची ती ओळ दाखवत बारक्याच्या ‘सहा दुणे बारा’शेजारी हात नेला. पण त्याच्यावर काट मारणं तिला जमलं नाही. मग तिनं बाजूला नवीन ओळ लिहिली, सोळा वजा सहा, दहा, आणि तिला पुढचं काही दिसेना.

दुपारी ती घरी आली. आईनं ताट वाढलं आणि तोंड फिरवलं.

“आई, बस. मला सांगायचंय.”

आई उभीच राहिली. ताईनं सगळं सांगितलं. फोन, रविवार, पुठ्ठा, खिडकी. आईला त्यातलं गणित कळण्यासारखं नव्हतं, तरी तिनं पूर्ण ऐकलं, ओट्याची कड धरून.

“त्यानं तुला विचारलं होतं?”

“हो.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“कर तुझं तू, म्हणाले.”

आईनं ओट्याची कड सोडली. मग तिनं विचारलं, “केलं त्यानं?”

“केलं, आई. पहिल्यांदा, एकट्यानं. सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या. एक सोडून.”

आईनं टेबलाच्या खणातून एक पुठ्ठा काढला आणि ताईसमोर ठेवला. कॅलेंडरचाच, वाकडातिकडा कापलेला, त्यात कपाच्या मापाचं भोक. “जायच्या आदल्या रात्री बसला होता कापत,” आई म्हणाली. “म्हणाला, ताईला विचारायचंय एकदा, पण ती चिडते.”

ताईनं पुठ्ठा उचलला. भोक उजवीकडे, कडेला होतं.