मंगळवारच्या बैठकीत सांगितलेली चोराची गोष्ट

कुणाला पटायचं नाही, पण दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफॉन्टेनच्या चर्चमागच्या हॉलमध्ये एका मंगळवारी सेआबाताची बोलती बंद झाली. बंद केली ती अकरा माणसांनी, आणि तीही एक शब्द न बोलता.

सेआबाता म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला थापाड्या. त्याच्या थापा ऐकायला लोक बाकं ओढून बसत. हॉलच्या दाराशी बायको मांत्वा म्हणाली, "तू इकडे जुगाऱ्यांच्या बैठकीला जा. मी शेजारच्या खोलीत, घरच्यांच्या बैठकीला. आणि तिथे फुशारक्या मारू नकोस, म्हाताऱ्या."

त्याचा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीपायी. मांत्वाचं शिलाई मशीन गेलं होतं. तिचा संशय कोपऱ्यातल्या खोलीच्या भाडेकरूवर, मोहाऊवर. शुक्रवारी त्याला बाहेर काढायचं ठरलं होतं. पोरगा भला होता. सेआबाताच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायचा.

आत खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात चहाचं भांडं. "या न्ताते, या बाबा," एका बाईनं हात धरून त्याला बसवलं. "मी दिपुओ. इथे फक्त पहिलं नाव सांगायचं, आडनाव घरी ठेवायचं."

बसगाड्या दुरुस्त करणारा फानी अध्यक्षाच्या खुर्चीत होता. त्यानं पिवळं पुस्तक उघडलं, पाळीपाळीनं सगळ्यांनी त्यातला एकेक उतारा वाचला. मग फानी म्हणाला, "नवा माणूस आला की वीस प्रश्न विचारतो. हो किंवा नाही एवढंच सांगायचं. बहुतेक जुगारी निदान सात वेळा हो म्हणतात. ठरवायचं मात्र तुमचं तुम्ही. आम्ही शिक्का मारत नाही."

हरल्यावर परत जाऊन भरून काढावंसं वाटलं का? "हो," सेआबाता म्हणाला. झोप उडाली का? "हो." खेळण्यासाठी घरातली वस्तू विकली का?

"नाही."

हा 'नाही' जरा जोरातच निघाला. फानीनं वर पाहिलंही नाही. पुढचा प्रश्न.

मग एकेकजण बोलू लागला. नाव, मी जुगारी आहे, शेवटची पैज कधी लावली, आणि मग पोटातलं. एकजण कॅसिनोच्या आवारात गाडीतच राहायचा, अंघोळ पेट्रोलपंपावर. कुणी मध्ये बोललं नाही, उपदेश नाही, हळहळ नाही. संपलं की सगळे "आभार" म्हणत, आणि पुढचा.

"तुम्हाला बोलायचं नसेल तर नुसतं ऐका," फानी म्हणाला.

नुसतं ऐकणं सेआबाताला जन्मात जमलं नव्हतं.

"माझ्याकडे चोरी झाली, म्हणून मी खचलोय," त्यानं सुरुवात केली. "चोर म्हणाल तर सहा बोटांचा! कुत्र्याच्या कानात काहीतरी पुटपुटला, कुत्रं घोरायला लागलं. मशीन डोक्यावर घेऊन भिंतीवरून उडी मारली. आणि पळताना मशीनचं चाक असं गरगर फिरत होतं की रस्ताभर टाके पडत गेले! सकाळी मी टाक्यांच्या मागानं निघालो, तर थेट स्टेशनापर्यंत शिवण!"

इथे तो थांबला. या जागी नेहमी कुणीतरी म्हणायचं, "हाण थापा!" आणि त्या चेष्टेवर तो पुढचा मजला चढवायचा.

कुणी काही बोललं नाही. हसलं नाही. अकरा तोंडं त्याच्याकडे पाहत होती, आणि ती मायेनंच पाहत होती, हे सगळ्यात वाईट. थाप हवेत लोंबकळत राहिली.

"संपलं," तो पुटपुटला.

"आभार, सेआबाता," सगळे एका सुरात म्हणाले.

वर्गणीची टोपली फिरली, त्याच्यापाशी आली तेव्हा दिपुओनंच ती पुढे ढकलली. "पहिल्या दिवशी नाही, न्ताते." मग उभं राहून हात धरून प्रार्थना. इथे पाहिलं-ऐकलं ते इथेच ठेवायचं, असं फानीनं बजावलं आणि फोननंबरांचा कागद त्याच्या खिशात घातला. "हात शिवशिवला तर खेळण्याआधी फोन करा. नंतर नव्हे."

चहाचा कप देताना दिपुओ त्याच्या शेजारी टेकली. शेजारच्या खोलीत खुर्च्या सरकायला लागल्या होत्या.

"माझं बोलणं त्या खोलीत जातं का?" त्यानं हळूच विचारलं.

"आमच्याकडून एक अक्षर जात नाही. नेलंत तर तुम्हीच न्याल." ती साखर ढवळत राहिली. "चोराचं नाव काय ठेवलंत?"

"मोहाऊ," त्याच्या तोंडून निघून गेलं. "बायकोनंच ठेवलं. मी फक्त... नको म्हटलं नाही. शुक्रवारी जाणार तो."

"बैठकीत कुणाच्या बोलण्यावर बोलायचं नसतं, म्हणून मघा गप्प बसले. आता चहा चाललाय." दिपुओनं चमचा खाली ठेवला. "त्या चोराला मी चांगली ओळखते. माझा टीव्ही त्यानंच नेला. फानीचं ड्रिल त्यानंच नेलं. माझ्याकडे आला तेव्हा माझेच बूट घालून आला होता. सहा बोटं नाहीत त्याला, न्ताते. मशीन तुम्हीच विकलंत."