खो मिळेपर्यंत

आमच्या ऋतुराज सरांना बोलायला फार आवडतं. माणूस मनाचा निर्मळ आहे, खो-खोचं सगळं त्याला येतं, पण तोंड उघडलं की एसटी उताराला लागावी तसं होतं. मी गणिताची शिक्षिका. मुलींचा संघ बाहेर जाताना सोबत बाई लागतात, म्हणून दरवर्षी मलाच पाठवतात. त्यामुळे सरांची भाषणं माझ्याइतकी कुणी ऐकली नसतील.

मागच्या वर्षीही आम्ही आमच्या बिडकीन गावाहून शहरात गारखेड्याच्या क्रीडा संकुलात आलो होतो. चौदा वर्षांखालच्या मुलींची जिल्हा स्पर्धा, पहिलाच सामना. सामन्याआधी सर इतकं बोलले की शूर पूर्वजांपासून ऑलिम्पिकपर्यंत सगळं आलं, फक्त खो-खो राहून गेला. पोरी मैदानात उतरल्या त्या लाकडासारख्या. शेवटच्या क्षणी एक गडी हवा होता. आमची शालू पाटीवर, खोची वाट बघत बसलेली, समोरून धावणारी मुलगी अगदी हाताशी आली. शालूला राहवेना. पाठीवर खो मिळायच्या आधीच ती उठली आणि तिनं त्या मुलीला शिवलंसुद्धा. पंचांची शिट्टी वाजतच राहिली. फाऊल. गडी बाद नाही. आम्ही एका गुणानं हरलो.

शालू मल्हाररावांची लेक. घरी मेंढरं, पोरगी वाऱ्यासारखी पळते. पण त्या दिवसापासून सरावात सुद्धा बसली की ती खो मिळायच्या आधीच टाच उचलायची आणि दचकून परत टेकवायची. कुणी काही बोललं नव्हतं, तरी ‘माझ्यामुळं हरलो’ हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. मला तिचं फार वाईट वाटायचं. आणि सरांचा राग यायचा, खरं सांगते.

यंदा मी सरांना शिक्षकांच्या खोलीत गाठलं. म्हटलं, “सर, पोरींशी तीन मिनिटांच्या वर बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. आणि तीनच गोष्टी सांगायच्या, त्याही त्यांना येतात त्याच. नवीन काही ऐन वेळी शिकवू नका.”

सरांचं बिचाऱ्यांचं तोंडच उतरलं. पण ऐकलं. रोज मधल्या सुट्टीत माझ्यासमोर उभं राहून सराव करायचे. पहिल्या दिवशी तीन मिनिटं संपली तेव्हा ते प्रस्तावनेतच होते. कापत कापत शेवटी नेमकं झालं: हात लागल्याशिवाय उठायचं नाही, खो मोठ्यानं द्यायचा, आणि चूक झाली तर मागं न बघता पुढचा खो. ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्यांना माझ्या डब्यातली धपाटी दिली.

सामन्याच्या सकाळी त्याच मैदानाच्या कडेला लिंबाखाली पोरी गोल करून बसल्या. कुणी नखं खात होतं, कुणी तिसऱ्यांदा पाण्याला गेलं होतं. सर खाली मांडी घालून बसले, घसा खाकरला, आणि तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष बद्रीनाथनाना गाडीतून उतरले. डोक्याला फेटा, अंगात कडक इस्त्री.

“सर, पोरींना जरा दोन शब्द बोलू का?” नानांनी विचारलं.

आपल्याकडं दोन शब्दांना नाही म्हणायची रीत नाही. आणि ते दोन शब्द दोनच असतात असंही नाही. नाना उभे राहिले ते राहिलेच. “पोरींनो, सगळ्या गावाचं लक्ष हाय तुमच्याकडं! मागच्या साली गावाचं नाक कापलं गेलं. आवंदा तसं व्हायला नाय पायजे! आमी तुमच्या वयाचे होतो तव्हा काय खेळायचो म्हाइती हाय का? असा उठायचो, वाघावाणी!”

‘नाक कापलं’ म्हणताच शालूनं मान गुडघ्यात घातली. मला नानांना वर्गातल्यासारखं तिथंच अंगठे धरून उभं करावंसं वाटलं. कप्तान अक्षदा हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, नाना कधी थांबणार?” पंचांनी टॉससाठी हाक मारली तरी नाना वाघावरच होते.

अक्षदा टॉस करून आली तेव्हा सरांच्या तीन मिनिटांतलं जेमतेम एक उरलं होतं. मी सरांकडं पाहिलं. आता हा माणूस ओरडणार, नाहीतर सगळं एका दमात ओकणार, असं मला वाटलं. पण सर हसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “नाना, तुम्ही खेळायचात म्हणता, तर पोरींना एकदा बसून दाखवता का? शालू, नानांना खो दे.”

आता नानांना माघार कुठली? फेटा सावरत ते दोन मुलींच्या मध्ये उकिडवे बसले. शालू उठली, लांबून पळत आली. पावलं जवळ आली तशी नानांना दम निघेना. तिचा हात अजून वीतभर लांब होता आणि नाना उठून पळालेसुद्धा!

“फाऊल!” साऱ्या पोरी एका आवाजात ओरडल्या.

“पुन्हा, नाना,” सर म्हणाले. नाना पुन्हा बसले. पुन्हा तेच. या वेळी उठताना फेटाही सुटला. पोरी पोट धरून हसत होत्या, आणि शालू, जी वर्षभर पाटीवर बसली की हसणं विसरायची, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ओ नाना, हात लागू द्या की आधी! इतकी काय घाई हाय?”

“कळतं गं, पण अंग ऐकत नाय!” नाना धापा टाकत म्हणाले.

“सगळ्यांचंच तसं होतं,” सर म्हणाले. “नानांचं झालं, शालूचं झालं, माझंपण व्हायचं. शालूनं आत्ता सांगितलं तेच माझं भाषण. हात लागू द्या. खो मोठ्यानं द्या. चुकलं तर पुढचा खो. चला.”

बास. एवढंच. मी टाळी वाजवणार होते, कसंबसं आवरलं.

पोरी खेळल्या हो! चुका झाल्या नाहीत असं नाही. अक्षदा एकदा चुकीच्या दिशेनं वळली, शिट्टी वाजली, पण ती रडत न बसता पळाली आणि पुढचा खो दिला. शेवटच्या पाळीत पाठलाग आमचा होता, बरोबरी झाली होती आणि वेळ संपत आली होती. समोरची मुलगी साखळी खेळत, बसलेल्या मुलींच्या मधून वळणं घेत, शालूच्या पुढ्यात आली. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.

शालूनं टाच उचलली आणि पुन्हा टेकवली. मला लांबून दिसत होतं. माझ्या तोंडून ‘बस गं बाई, बस’ असं निघत होतं.

“खो!” अक्षदाचा हात पाठीवर पडला आणि शालू सुटली. दोन पावलं, मग सरळ सूर. धूळ उडाली. शिट्टी वाजली.

 ती शिट्टी मागच्या वर्षीसारखी वाजत राहते की थांबते, याकडं आमचे कान. एकदाच वाजली, छोटी. पंचांनी हात वर केला. गडी बाद!

सर माझ्याच पदराला डोळे पुसायला लागले, त्यांना भान नव्हतं. पोरी एकमेकींवर पडल्या होत्या. त्या ढिगातून शालू बाहेर आली, कोपर खरचटलेलं, केसांत माती. धावत थेट सरांपुढं उभी राहिली. आपण जिंकलो, मी गडी मारला, यातलं ती काहीच म्हणाली नाही.

“सर, मी बसून राह्यले!” ती ओरडली. “तुमी बघितलं ना? मी बसून राह्यले!”