एकाच पावतीचे हिरे

साहेबांनी ताईला राजीनामा लिहायला बसवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. ताई आमच्या मोबाइल गेमच्या तक्रारी बघते. कुणी गेममध्ये विकत घेतलेले हिरे अडकले, तर ते हाताने देण्याची सोय तिच्या एकटीकडे. आता शेकडो खात्यांत पैसे न भरताच हिरे सापडले होते आणि साहेबांनी कसलीही शहानिशा न करता तिच्याकडे बोट दाखवलं होतं.

"सर्व्हर पावती तपासतो. पावतीशिवाय हिरे देणारी ही एकटीच," साहेब म्हणाले.

"ताईने दिलेल्या हिऱ्यांना पावतीच नसते साहेब. या सगळ्यांना आहे. बघा तरी."

सर्व्हरचं प्रोग्रामिंग माझ्याकडे. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. खाती वेगवेगळी, व्यवहाराचा क्रमांक मात्र सगळीकडे एकच. कुणीतरी एकदा खरोखर पैसे भरले होते आणि तीच पावती या सगळ्या खात्यांतून आली होती. आमचा सर्व्हर दर वेळी पैसे घेणाऱ्या ॲप स्टोअरला विचारायचा, पावती खरी का? स्टोअर म्हणायचं, खरी. की दिले हिरे.

"मग ती आधी वापरलीय का, हे कोण बघणार?" साहेबांनी मलाच दरडावलं.

रागाने माझे कान तापले. ती तपासणी मी घातलीच होती. पण नेट मध्येच गेलं की गेम तीच पावती पुन्हा पाठवतो आणि त्यात प्रामाणिक माणसंही अडकायची. ते सुधारायला मी थोडा वेळ मागितला, तर यांनी तपासणीच काढायला लावली.

"तुम्हीच काढायला लावलीत," मी म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीआधी मी ती तपासणी परत घातली, या वेळी नीट. क्रमांक नवा असेल तरच हिरे. त्याच खात्यातून पुन्हा आला, तर 'आधीच दिलेत' एवढंच उत्तर. दुसऱ्या खात्यातून आला, तर सरळ नकार.

"छान. प्रश्न मिटला," साहेब म्हणाले. मग ताईकडे न बघता, "राजीनामा मात्र द्या. चोर सापडला असं मी मालकांना सांगून बसलोय."

म्हणजे यांची अब्रू वाचावी म्हणून हिने घरी बसायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात तक्रारींचा फोन वाजला. फुकटचे हिरे बंद झालेले लोक पैसे भरल्याच्या तोऱ्यात भांडायला लागले होते. एक फोन थांबला की दुसरा.

"अहो, घ्या ना फोन," साहेब ताईला म्हणाले.

ताईने पर्स खांद्याला अडकवली. "मी चोर ना साहेब? आधी मालकांना फोन करा. इथेच, सगळ्यांसमोर. मग घेते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बाकीच्यांकडे पाहिलं. फोन घ्यायला कुणी जागचं हललं नाही. शेवटी त्यांनी मालकांना फोन लावला आणि घसा खाकरून म्हणाले, "तिने काही केलं नाही. तपासणी मी काढायला लावली होती."

ताईने लिहिलेला राजीनामा फाडला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला, खुर्ची ओढली आणि फोन उचलला.