उलथण्याचा हात

आमच्या भट्टीचा खवा हातानं आटवलेला असतो, हे आमचे मालक गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगतात. हात कुणाचा, ते मात्र सांगत नाहीत. गल्ल्यावर ते आणि कढईपुढं मी, असं लग्नापासून चाललंय. दूध खाली लागू नये म्हणून लांब दांड्याचं उलथणं घट्ट धरून फिरवत राहायचं. थांबायची सोय नाही.

गेल्या दिवाळीपासून उजवं कोपर बाहेरच्या अंगाला ठणकायला लागलं. पिशवी उचलली की कळ. भट्टीचं कुलूप लावताना किल्ली फिरवली की डोळ्यांत पाणी. मी गुपचूप डाव्या हातानं कुलूप लावू लागले. तेल चोळलं, गोळ्या खाल्ल्या आणि पुन्हा कढईपुढं बसले. गोळीनं दुखणं दबलं म्हणजे बरं झालं, असं मला वाटायचं.

सोनारीच्या यात्रेची मोठी मागणी होती. खवा घट्ट व्हायला आला, उलथणं जड झालं आणि हातातून सुटलं. पुन्हा धरेपर्यंत खवा करपला. मालक ओरडले, "ध्यान कुठं हाय तुझं?" मी डाव्या हातानं करपलेली कढई खरवडू लागले.

सून मोनिकानं मला धाराशिवला नेलं. फिजिओथेरपीच्या डॉक्टर राजनंदिनी यांनी तळवा खाली ठेवून मनगट वर उचलायला लावलं आणि वरून दाबलं. कळ थेट कोपरात गेली.

"हाड ठीक आहे, मावशी. मनगट उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेली असते. घट्ट धरून तेच ते फिरवताना तिच्यावर रोज ताण येतो, ती झिजत जाते. भरून यायला तिला सवड मिळत नाही."

"मग मी काय करू?"

"काही आठवडे उलथणं बंद. मग हलका व्यायाम, हळूहळू वाढवत. महिने लागतील. ओझं उचलताना तळवा वर, कोपर अंगाजवळ."

उलथणं बंद! कढई सोडली तर त्या घरात मी कोण?

दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर मोनिका बसली. डॉक्टरांचं सांगणं तिनं रात्रीच मालकांना ऐकवलं होतं; ते कढईपुढं बसले. मी बाजेवरून सांगत होते, "तळाला खरवडा, कडंला न्हाय. आता आच कमी." खवा उतरला. बरा होता.

सांजेला त्यांनी पाण्याची कळशी धरली आणि तशीच खाली ठेवली. बोटं आखडली होती.

"तळवा वर करून उचला," मी म्हणाले. "कोपर अंगाला लावा."

त्यांनी तसं केलं. कळशी उचलली गेली. कळशी हातात धरूनच ते माझ्याकडं वळले.

"तू कवापासून असं उचलतीस?"

"असं उचलायचं मला कालच कळलं," मी म्हणाले. "त्याआधी तुमच्यासारखंच, कळ सोसत उचलत हुते."

त्यांनी कळशी आत नेऊन ठेवली. भट्टीचं दार ओढलं आणि किल्लीसाठी माझ्यापुढं हात केला.