येसराच्या आमटीची शीग

सुहासिनीला शाळेत गृहशास्त्रात चांगले मार्क होते आणि सासरी आल्यापासून ते तिनं कुणाला विसरू दिले नव्हते. त्यामुळं वाटूरला दिलेल्या नणंदेचा, ताराचा, निरोप आला तेव्हा जालन्याच्या त्या घरात पेन्सिल कुणी उचलायची हा प्रश्नच उरला नाही. दिराच्या साखरपुड्याला माहेरची येसराची आमटी कर, असा ताराला सासूचा हुकूम होता. तारा पडली शेंडेफळ, चुलीपाशी कधी बसलीच नव्हती. आईला विचारून सगळं नीट लिहून धाडा, आणि दळलेलं येसरही धाडा, असं तिचं म्हणणं.

सासूबाई, द्वारकाबाई, सांगायला बसल्या. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची, बाजरी तडतडली की उतरवायची, डाळीला खरपूस वास सुटला की बस. मसाल्यासकट दळलं की झालं येसर. मग आमटीला ते मूठ मूठ घ्यायचं. किती मुठी? तर म्हणे माणसं पाहून! सुहासिनीनं कपाळाला हात लावला आणि त्यांना आमटीच करायला बसवलं. त्यांची प्रत्येक मूठ तिनं पातेल्याआधी ताटात झेलली, झेललेलं चिपट्याच्या मापात भरलं आणि सुरीच्या पाठीनं वरून सपाट केलं. बरोबर एक चिपटं भरलं. पाणीही त्याच मापानं मोजलं, आठ चिपटी. सूनबाईची रीत तशी चोख होती, खोटं कशाला बोला.

कागदही देखणा झाला. येसर आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात. फोडणीत उरलेलं पाणी घालून उकळी आणावी, कालवण बारीक धारेनं सोडावं, हात थांबवू नये. मंद आचेवर पंधरा मिनिटं, कच्चट वास जाऊन कडेनं तेल दिसेपर्यंत. द्वारकाबाईंनी आणखी एक गोष्ट दोनदा बजावली होती. पळी उचलली की आमटीची धार तुटू नये, तुटली तर गरम पाणी घालावं. ती ओळ सुहासिनीनं कच्च्या कागदावर लिहिली होती आणि पक्क्या कागदावर गाळली. मापं दिल्यावर धारेचं काय काम? उलट तिनं लिहिलं, पाणी याहून जास्त घालू नये. खाली रेघही ओढली.

पंचमीला तारा माहेरी आली ती तोंड पाडूनच. भर पंगतीत आमटीचं पिठलं झालं होतं. वाढता वाढता पळीला चिकटून राह्यलं, आणि तिची सासू सगळ्यांदेखत म्हणाली की आईनं एवढंच शिकवलं वाटतं. कागदात लिहिलं तसंच केलं, तारा रडत सांगू लागली, आणि तिनं फळीवरचं चिपटं काढून ज्वारीच्या पिठात बुडवून दाखवलं. काठाच्या वर चांगली टोकदार शीग.

सुहासिनीच्या तेव्हाच ध्यानात आलं. या मुलखात माप म्हणजे शिगोशीगच. सपाट माप कोण देतो? तिनं सपाट भरलं होतं आणि कागदावर नुसतं "एक चिपटं" लिहिलं होतं. शीग म्हणजे आणखी निम्मं पीठ. धारेची ओळ असती तर तारानं पाणी घालून सावरलं असतं, आणि पाण्याला तर तिनंच रेघ ओढून मनाई केली होती.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात द्वारकाबाई म्हणाल्या की आपलंच सांगायचं चुकलं असेल, वय झालं. सुहासिनी खाली बघत राहिली. किती सोपं होतं ते गप्प बसणं! तिची तिलाच शिसारी आली, तरी ती गप्पच बसली.

तारा गेली. घरात मात्र भलतंच सुरू झालं. आयुष्यभर डोळे झाकून मीठ टाकणाऱ्या द्वारकाबाई भाजीपाशी थांबायला लागल्या. मिठाची चिमूट उचलायच्या, परत ठेवायच्या. एका सकाळी वरणाशी उभ्या राहून त्यांनी सुनेला विचारलं, "सुहास, मीठ किती घालू गं? तू सांग. मला आता अंदाज राह्यला न्हाई."

सुहासिनीला ते ऐकवेना. तिनं चिपटं आणलं, पीठ भरून शीग लावली, सुरीनं सपाट केली आणि खाली पडलेलं पीठ त्यांच्यापुढं सरकवलं. "आत्याबाई, हे एवढं माझं चुकलं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. धारेची ओळही मीच गाळली. मला त्याच दिवशी कळलं होतं."

द्वारकाबाईंनी ते पीठ गोळा करून डब्यात लोटलं. मग त्यांनी न बघता मिठाची चिमूट वरणात टाकली आणि हात पदराला पुसला.

"वाटूरला तारीच्या सासूला जाऊन सांग," त्या म्हणाल्या. "आन् नवा कागद धाड, धारेचं पहिलं लिही. माप कुणाचंही चुकतं, त्याचं काही न्हाई. पर कळल्यावरही तू मला इतके दिवस म्हातारी होऊ दिलंस."